मदत हवी आहे: बर्लिनमध्ये ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे अडकलेत, चालू खातं कसं उघडू?

भटकी_मैना: नमस्कार मंडळी. मास्टर्ससाठी नुकतीच बर्लिनला आलेय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरलेत, त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. पण ते जमा व्हायला माझ्या नावावर इथलं चालू खातं लागतं. बँक म्हणते, आधी पत्ता नोंदणीचा दाखला आणा. त्या कार्यालयात अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळतेय. फॉरेक्स कार्डावरचे पैसे संपत आलेत. काय करू?

डोंबिवलीकर_काका: शाखेत जाऊच नकोस. ॲपवाली बँक बघ. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवला की खातं सुरू.

आखेनकर: काका, व्हिडिओवर भारतीय पासपोर्ट बऱ्याच बँका घेत नाहीत. मैना, अर्जात ओळख पटवायला 'पोस्टइडेंट' निवड. एक कूपन येतं, ते आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं. काही बँका तिथेही दाखला मागतात, म्हणून अटी आधी वाच. कर क्रमांक नंतर दिला तरी बहुतेक ठिकाणी चालतं.

तेही अडलं तर बँकेकडे 'बासिसकोंटो'चा अर्ज माग. २०१६ पासून हा कायदेशीर हक्क आहे. जर्मनीत कायदेशीर राहणाऱ्याला कायमचा पत्ता नसला तरी हे खातं मिळतं, फक्त पत्रव्यवहारासाठी एक पत्ता द्यावा लागतो. कामाच्या दहा दिवसांत बँकेने एकतर खातं द्यायचं, नाहीतर नकाराचं कारण लेखी कळवायचं. नकार पटला नाही तर बाफिन या नियामकाकडे दाद मागता येते. शुल्क मात्र लागतं, आधी विचारून घे.

आणि आजच लेटरबॉक्सवर तुझं आडनाव चिकटव! कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो. आमच्या मजल्यावरच्या एकाचं कार्ड असंच परत गेलं.

सुलभाताई: माझ्या भाचीने तर ऑस्ट्रेलियाला निघण्याआधीच घरबसल्या खातं उघडलं होतं. पोचल्यावर शाखेत पासपोर्ट दाखवला, झालं. तुम्ही का नाही केलं गं?

भटकी_मैना: ताई, इथे मी बघितलेल्या बँकांत ती सोय नव्हती. @आखेनकर, पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचंही नाव आहे. अर्जात लिहू की गाळू?

आखेनकर: लिही. ब्लॉक्ड अकाउंटवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. नावं जुळली नाहीत तर पैसे सुटायला वेळ लागतो. खातं झालं की त्याचा आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांच्या पोर्टलवर टाक. आणि अपॉइंटमेंटसाठी सकाळी लवकर साइट उघडून बघ, रद्द झालेल्या जागा तेव्हा दिसतात.

भटकी_मैना: उद्याच अर्ज करते. अजून एक अडचण आहे. मी पोटभाडेकरू आहे, आणि नोंदणीसाठी राहत असल्याचं लेखी द्यायला मूळ भाडेकरू का-कू करतोय.

आखेनकर: ते देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पण त्याने घरमालकाला न विचारता खोली दिली असेल तर प्रकरण नाजूक आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्रात विचार. बर्लिनचं कुणी आहे का इथे?