फी भरली, पण बँकेला पावती चालेना (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सुनीता (ए-203): एक मदत हवी होती. मुलाचं इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. कॅप राउंडची मुदत संपत होती म्हणून फी आम्हीच भरून टाकली. आता एज्युकेशन लोन मंजूर झालंय, भरलेली फी बँक परत देणार आहे. पण शाखेने पावत्या परत पाठवल्या, "या फॉरमॅटमध्ये चालणार नाहीत" म्हणून. कॉलेजच्या अकाउंट्सला अर्ज कसा लिहू?

देशपांडे काका (सी-101): पावत्यांवर नेमकं काय छापलंय ते टाइप कर. फोटो टाकू नकोस, त्यावर नाव-नंबर सगळं असतं.

सुनीता (ए-203): दोन आहेत काका. एक 60,000 ची, एक 72,500 ची. मुलाचं नाव, "फीज, एफवाय बीटेक", ट्रान्झॅक्शन आयडी, तारीख, रक्कम. एवढंच. शिक्का नाही, सही नाही.

देशपांडे काका (सी-101): मग त्या पावत्या नव्हेतच, पेमेंट गेटवेच्या स्लिपा आहेत. पैसे गेले इतकंच त्या सांगतात, कशापोटी गेले ते नाही. शाखेतल्या माणसाला प्रत्येक बाब वेगळी बघावी लागते. शिक्षण शुल्क, परीक्षा, ग्रंथालय, प्रयोगशाळा हे कर्जात बसतं. परत मिळणारी अनामत, बिल्डिंग फंड अशा रकमांना मात्र बँकांच्या संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या, मॉडेल योजनेत मर्यादा आहे: संपूर्ण कोर्सच्या शिक्षण शुल्काच्या 10 टक्के. स्लिपेवर एकच ठोक आकडा असेल तर तो हे तपासणार कसं?

अमोल (बी-102): पण मग कॉलेजला सांगायचं, पावती बदलून द्या. त्यात काय एवढं?

स्वाती (बी-304): अमोल, नेमकं हेच लिहायचं नाही. मी एका कॉलेजच्या अकाउंट्समध्येच बसते, खिडकीच्या आतून सांगते. पावती एकदा निघाली की तिच्या नंबरासकट ती लेजरला पडते आणि पुढे ऑडिटला जाते. त्याच पैशाची दुसरी पावती काढली तर वहीत एकाच मुलाची फी दोनदा जमा दिसते. म्हणून "पावती बदलून द्या" वाचलं की क्लार्क अर्ज बाजूला सारतो आणि "सिस्टीममधून एवढंच निघतं" म्हणतो. तो आडमुठेपणा करत नसतो, त्याला खरंच तसं करता येत नाही.

सुनीता (ए-203): मग मागायचं काय?

स्वाती (बी-304): दोन गोष्टी. पहिली, कॉलेजच्या मूळ पावत्यांच्या प्रती, शिक्का-सही करून. आधी मुलाच्या स्टुडंट लॉगिनमध्ये बघ. गेटवेचे पैसे कॉलेजच्या खात्यात पोचले की बहुतेक सिस्टीम कॉलेजची स्वतःची पावती तयार करते. तिच्यावर पावती क्रमांक असतो, ट्रान्झॅक्शन आयडी म्हणजे पावती क्रमांक नव्हे. दुसरी, लेटरहेडवर "शुल्क तपशील प्रमाणपत्र". त्यात त्याच पावती क्रमांकांचा उल्लेख करून बाबनिहाय फोड. हे द्यायला आम्हाला काहीच अडचण नसते, कारण वहीत नवीन काही जात नाही.

प्रकाश (डी-202): टँकर आला का कुणाच्या विंगला?

स्वाती (बी-304): काका, पाण्याचा ग्रुप वेगळा आहे 🙏

देशपांडे काका (सी-101): सुनीता, प्रवेशाच्या वेळी फी स्ट्रक्चरचा कागद मिळाला असेल. त्यावर पहिल्या वर्षाची फोड काय आहे?

सुनीता (ए-203): आहे. शिक्षण शुल्क 1,12,000. विकास शुल्क 11,200. विद्यापीठ व परीक्षा 4,300. अनामत 5,000.

देशपांडे काका (सी-101): बेरीज 1,32,500. तुझ्या दोन स्लिपांची बेरीजही तेवढीच. म्हणजे काम सोपं आहे. चार वर्षांचं शिक्षण शुल्क याच दराने धरलं तर 4,48,000, त्याचे 10 टक्के 44,800. पाच हजारांची अनामत आरामात बसते. प्रमाणपत्रातली फोड या कागदाशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. कॉलेजने "इतर शुल्क" म्हणून एक ओळ घातली आणि ती मंजुरीच्या वेळी दिलेल्या स्ट्रक्चरमध्ये नसली, तर तेवढी रक्कम बँक वगळते.

सुनीता (ए-203): थांबा, एक घोळ आहे. आमच्या पासबुकात 60,000 नाही, 60,017.70 वजा दिसतायत.

अमोल (बी-102): ते गेटवेचं चार्ज. 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 2.70.

देशपांडे काका (सी-101): बरोबर. कॉलेजला 60,000 च मिळाले, प्रमाणपत्रात तेच येणार. वरचे 17.70 बँक देत नाही. पण पासबुक आणि पावती जुळत नाही म्हणून कुणीतरी शंका काढतंच, तेव्हा स्टेटमेंटवर त्या ओळीशेजारी पेन्सिलने "गेटवे चार्ज" लिहून दे.

सुनीता (ए-203): आणि 72,500 माझ्या भावाने त्याच्या खात्यातून भरलेत. दोन-तीन दिवसांची गडबड होती तेव्हा.

देशपांडे काका (सी-101): हा खरा पेच. बँक परतफेड देते ती कर्जदाराने किंवा सहकर्जदाराने भरलेल्या फीची. मामा यापैकी कुणी नाही. यात कॉलेजला मधे आणू नकोस. पैसे वडिलांनी भरले असं काही कॉलेज लिहून देणार नाही, आणि देऊही नये. प्रमाणपत्रात "विद्यार्थ्याच्या फीपोटी जमा" एवढंच येऊ दे. भावाचं त्या तारखेचं खाते-विवरण आणि त्याचं साधं पत्र, की ही रक्कम भाच्याच्या फीसाठी मी भरली, हे शाखेला वेगळं द्यायचं. तुम्ही त्याला पैसे परत केले असतील तर ती नोंदही दाखवा. मानायचं की नाही ते शाखा ठरवते, म्हणून ती फाइल घेऊन आधीच बोलून घे. मंजुरीपत्रही काढून बघ. किती जुन्या पावत्या चालतील याची मुदत बँकेनुसार वेगळी असते.

स्वाती (बी-304): नावाचं बघ हं. मंजुरीपत्रावर वडिलांचं नाव मधे धरून पूर्ण नाव असतं आणि आमच्याकडे सीईटीच्या फॉर्मवरून आडनाव आधी आलेलं असतं. एवढ्यावरून कागद परत येतो. अर्जातच लिही, नाव मंजुरीपत्राप्रमाणे हवं, आणि मंजुरीपत्राची प्रत जोड.

अमोल (बी-102): काही कॉलेजांत खातं संस्थेच्या नावावर असतं. कॉलेजचं नाव एक, खात्यावर "अमुक शिक्षण प्रसारक मंडळ".

देशपांडे काका (सी-101): हो, आणि त्यावर बँक नक्की अडते. प्रमाणपत्रात एक वाक्य हवं: सदर खाते आमच्या पालक संस्थेचे असून महाविद्यालयाचे शुल्क त्यात जमा होते. पुढच्या वर्षी बँक थेट कॉलेजला पैसे पाठवेल, तेव्हाही हेच वाक्य कामाला येईल.

स्वाती (बी-304): सुनीता, हा अर्ज घे. जागा भरून दोन प्रती काढ. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन स्वतःकडे ठेव. आवक नंबर नसेल तर पुढच्या वेळी खिडकीवर कुणी तुला ओळखणार नाही.

"प्रति,
मा. लेखाधिकारी, (महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय: शैक्षणिक कर्जासाठी शुल्क तपशील प्रमाणपत्र व पावत्यांच्या साक्षांकित प्रती मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
माझा मुलगा (मंजुरीपत्राप्रमाणे पूर्ण नाव), प्रवेश क्रमांक ____, आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष बीटेक (शाखा ____), शैक्षणिक वर्ष ____ मध्ये शिकत आहे. त्याच्या शुल्कापोटी रु. 60,000 (पावती क्र. ____, दि. ____) व रु. 72,500 (पावती क्र. ____, दि. ____), एकूण रु. 1,32,500 जमा केले आहेत.

या रकमेच्या परतफेडीसाठी बँकेला बाबनिहाय तपशील हवा आहे. नवीन पावती नको असून, वरील पावत्यांच्याच आधारे लेटरहेडवर प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती. त्यात पुढील माहिती असावी: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, विद्यापीठ व परीक्षा शुल्क आणि परत मिळणारी अनामत यांची वेगवेगळी रक्कम, प्रत्येक पावतीचा क्रमांक, दिनांक व भरणा पद्धत, शिष्यवृत्ती अथवा शुल्कमाफी दिली असल्यास ती रक्कम, नसल्यास 'नाही' असा उल्लेख, एकूण रक्कम अंकी व अक्षरी, महाविद्यालयाच्या खात्याचे नाव, क्रमांक व आयएफएससी, आणि खाते पालक संस्थेचे असल्यास तसा उल्लेख. प्रमाणपत्रावर लेखाधिकारी किंवा प्राचार्यांची सही, नाव, पद व गोल शिक्का असावा.

सोबत: बँकेचे मंजुरीपत्र, दोन्ही पेमेंट स्लिपा, बँकेने दिलेली आवश्यक बाबींची यादी."

अमोल (बी-102): शिष्यवृत्तीचं "नाही" असं लिहून कशाला घ्यायचं?

देशपांडे काका (सी-101): महाडीबीटीवरून शिक्षण शुल्काचा काही भाग सरकार देत असेल तर तो भाग विद्यार्थ्याने भरलेलाच नसतो, बँक तो कसा देणार? आणि उल्लेखच नसला तर अधिकारी विचारतो, कागद पुन्हा कॉलेजला जातो. एका शब्दासाठी आठवडा जातो.

सुनीता (ए-203): यादी तर बँकेने तोंडीच सांगितली होती.

देशपांडे काका (सी-101): ईमेलवर माग. दोन ओळी पुरे. तोंडी सांगितलेलं पुढच्या टेबलावर बदलतं. आणि प्रमाणपत्र इंग्रजीत घे. अर्ज मराठीत चालतो, पण कर्जाची फाइल पुढे मंजुरी केंद्रात जाते, तिथला माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही.

सुनीता (ए-203): मग पूर्ण 1,32,500 मिळतील ना?

देशपांडे काका (सी-101): कर्ज किती मंजूर?

सुनीता (ए-203): 6 लाख.

देशपांडे काका (सी-101): मग नाही. 4 लाखांवरच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी 5 टक्के मार्जिन असतं, तेवढं तुमचं. 1,32,500 चे 5 टक्के 6,625. हातात येतील 1,25,875. मंजुरीपत्रात मार्जिनचा आकडा बघून घे, वेगळा असेल तर तोच खरा.

स्वाती (बी-304): अजून एक. त्याच खेपेत पुढच्या हप्त्याचं डिमांड लेटर मागून ठेव. रक्कम, शेवटची तारीख आणि खात्याचे तपशील एवढं त्यात हवं. बँकेने एनईएफटी केलं की त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर घेऊन मुलाला आमच्याकडे पाठव. शेरा कोरा असेल तर आमच्या स्टेटमेंटला नुसती रक्कम येते, पोरगं कोणतं ते कळत नाही. ती सस्पेन्स खात्यात बेवारस पडून राहते आणि मुलाला फी थकल्याचे मेसेज जात राहतात. पावती निघाली की तिची प्रत बँकेला द्या, ते मागतातच.

सुनीता (ए-203): खिडकी कितीला बंद होते तुमची?

स्वाती (बी-304): पैशांची 2 ला. अर्जाला 4 पर्यंत घेतात, पण आवक-जावकवाला जेवायला गेलेला नसेल असं बघून ये.