मदत हवी आहे: क्लायंटकडे मुदतवाढ मागणारा मेमो नीट कसा लिहू?

अबोली:
नमस्कार. मी एका सॉफ्टवेअर प्रकल्पाची व्यवस्थापक आहे. क्लायंटच्या गोदामातला जुना साठ्याचा हिशेब नव्या प्रणालीत आणायचं काम आहे. ठरलेली तारीख 27 फेब्रुवारी. ती गाठता येणार नाही हे आज, 16 तारखेला, नक्की झालं. मी लिहिलेला मसुदा असा:

> आपल्या प्रकल्पाचे काम वेगाने सुरू असून बहुतांश टप्पे पूर्ण झाले आहेत. तथापि, काही अपरिहार्य तांत्रिक अडचणी व माहिती उपलब्ध होण्यास झालेला विलंब यांमुळे वेळापत्रकावर काहीसा परिणाम झाला आहे. तरी साधारण दोन आठवड्यांची मुदतवाढ मिळावी, ही विनंती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

ऑफिसात सगळे म्हणतात, छान आहे, पाठव. पण मी स्वतःला क्लायंटच्या जागी ठेवून वाचला तेव्हा मला यातून काहीच कळलं नाही. उद्या सकाळी पाठवायचा आहे. कुठे चुकतंय ते सांगाल का?

मुक्काम:
भाषा उत्तम आहे, फक्त लांबवू नका. आणि दोन आठवडे कशाला, सरळ महिना मागा. एकदाच मागायचं ते भरपूर मागावं, पुन्हा तोंड दाखवायला नको.

रेघ:
मुक्काम, दुसऱ्यांदा मागायची वेळ येऊ नये हे अगदी खरं. पण कारण न देता महिना मागितला, की समोरचा घासाघीस करून दहा दिवसांवर आणतो, आणि मग ते दहा दिवस पुरतील की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

अबोलीताई, मी बरीच वर्षं क्लायंटच्या बाजूला बसून असे मेमो वाचले आहेत. ‘साधारण दोन आठवडे’ ही तारीख नव्हे. कशापासून दोन आठवडे, सुट्ट्या धरून की सोडून, हे वाचणाऱ्याने ठरवायचं का? तो 13 मार्च समजेल, तुमच्या मनात 16 असेल, आणि भांडण 14 तारखेला होईल. ‘माहिती उपलब्ध होण्यास झालेला विलंब’ हेही तसंच. माहिती कुणी द्यायची होती? त्यांनीच ना? मग ते लपवल्यासारखं लिहिलं तर टोमणा वाटतो. तारखा लिहिल्या की टोमणा राहत नाही, नोंद होते.

तीन गोष्टी सांगा. प्रत्येक कारणाने नेमके किती दिवस खाल्ले? आजपासून उरलेलं काम किती दिवसांचं? आणि क्लायंटला 27 तारीखच का हवी होती?

सांजवेळ:
माझंही असंच झालंय. प्रबंधाची मुदत वाढवून हवी आहे, मार्गदर्शक ऐकत नाहीत. वैद्यकीय दाखला जोडला तर चालेल का?

रेघ:
सांजवेळ, तिथे विद्यापीठाचा नियम लागतो, गणित वेगळं आहे. वेगळा धागा काढा, मी तिकडे लिहितो.

अबोली:
रेघ, आकडे काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडेच ते एका जागी नव्हते.

वस्तूंची यादी 12 जानेवारीला मिळायची होती, 21 ला आली. कामाचे 7 दिवस गेले. त्यातले 4 आम्ही बाकीची कामं आधी उरकून भरून काढले. यादीत 18,400 नोंदी आहेत, पैकी 2,300 मध्ये एकच सांकेतांक दोन वेगळ्या वस्तूंना दिलेला आहे. त्या निस्तरायला जास्तीचे 3 दिवस. शिवाय आमचा एक माणूस मध्येच दुसऱ्या प्रकल्पावर गेला, त्यात 2 दिवस गेले. ती आमची चूक.

उरलेलं काम: यादी साफ करणं 4 दिवस, माहिती चढवून जुन्या हिशेबाशी ताळा करणं 5, क्लायंटची चाचणी 5, त्यात निघालेल्या चुकांची दुरुस्ती 3.

27 तारीख का, तर 2 मार्चपासून त्यांच्या गोदामातल्या लोकांचं प्रशिक्षण आहे.

रेघ:
बेरीज 17 दिवस. उद्यापासून मोजले, शनिवार-रविवार सोडले, तर 11 मार्च येतो. चाचणीत काहीतरी निघतंच, म्हणून 2 दिवस राखीव ठेवा: शुक्रवार, 13 मार्च. उलट बाजूने ताळा करा: 3, 3, 2 आणि राखीव 2 मिळून 10, आणि 27 फेब्रुवारीनंतर 13 मार्चपर्यंत कामाचे दिवसही 10 च. दोन्हीकडून तीच तारीख आली तरच ती लिहावी.

पण क्लायंटच्या डोक्यात पहिला प्रश्न येईल तो 2 मार्चच्या प्रशिक्षणाचा. तुमच्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. ज्या 16,100 नोंदी स्वच्छ आहेत त्यांची चाचणी-प्रत 27 ला देता येईल का? शिकायला तेवढ्या पुरतात.

मुक्काम:
बाकी ठीक, पण आपली चूक स्वतःहून लेखी कशाला द्यायची? उद्या करारातला दंड लावतील.

रेघ:
ही शंका रास्त आहे. दंडाचं कलम असेल तर पाठवण्याआधी करार पाहणाऱ्याला मसुदा दाखवाच. मी मात्र आपल्या चुकीचे ते दोन दिवस मेमोत लिहीन. तीनही कारणं क्लायंटच्या माथी मारलेला मेमो मी वाचत असे तेव्हा खऱ्या कारणांवरचाही विश्वास उडायचा.

अबोली:
चाचणी-प्रत देता येईल, आत्ताच चमूला विचारलं. पुन्हा लिहिलंय:

> विषय: प्रकल्पाची मुदत 27 फेब्रुवारीऐवजी 13 मार्च करण्याबाबत
>
> प्रकल्प पूर्ण करण्याची मुदत शुक्रवार, 13 मार्चपर्यंत वाढवावी, ही विनंती. यात कामाचे 10 दिवस वाढतात.
>
> वस्तूंची यादी 12 जानेवारीऐवजी 21 जानेवारीला मिळाली. त्या 7 दिवसांपैकी 4 आम्ही भरून काढले, 3 राहिले. यादीतील 2,300 नोंदींमध्ये एकच सांकेतांक दोन वस्तूंना दिलेला आढळला. त्या दुरुस्त करण्यास आणखी 3 दिवस लागतील. आमचा एक सहकारी दुसऱ्या कामावर गेल्याने 2 दिवस गेले. ही जबाबदारी आमची असून तो आता पूर्णवेळ याच कामावर आहे. उरलेले 2 दिवस चाचणीत निघणाऱ्या चुकांसाठी राखीव आहेत.
>
> 2 मार्चचे प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे घेता येईल. त्यासाठी 16,100 नोंदींची चाचणी-प्रत 27 फेब्रुवारीला देऊ.
>
> 2,300 नोंदींपैकी कोणता सांकेतांक कोणत्या वस्तूचा, हे आपण 20 फेब्रुवारीपर्यंत कळवावे आणि 2 ते 6 मार्च या काळात चाचणी पूर्ण करावी. यांपैकी जे जितके दिवस लांबेल तितके दिवस 13 मार्च पुढे जाईल.
>
> आपली लेखी संमती बुधवार, 18 फेब्रुवारीपर्यंत मिळावी.

रेघ:
आता वाचणाऱ्याला फोन करून काही विचारावं लागणार नाही. एकच सुचवतो: त्या 2,300 नोंदींची यादी सोबत जोडा. त्याशिवाय त्यांना 20 तारीख पाळता येणार नाही, आणि मग ती दिरंगाई पुन्हा तुमची.

दोरासुई:
मी क्लायंटच्या बाजूने काम करते. प्रशिक्षण आणि चाचणी एकाच आठवड्यात आहे, आणि बहुधा माणसं तीच असणार. ती दिवसभर प्रशिक्षणात बसली तर 6 मार्चपर्यंत चाचणी कोण करणार?

अबोली:
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांची चाचणी करणारी माणसं कोण, हे मला माहीत नाही. सकाळी मेमो पाठवण्याआधी फोन करून विचारते. तीच असतील तर 13 तारीख बदलावी लागेल. यादी जोडली आहे, आणि दोन दिवसांचं वाक्य करार पाहणाऱ्या सहकाऱ्याला दाखवायला ठेवलंय.