मदत हवी आहे: भिंतीच्या फोटोवरून वॉलपेपरचे रोल किती लागतील?

आंबेमोहोर
नमस्कार. गुहागरच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीला गणपतीच्या आधी वॉलपेपर लावायचा आहे. मी नोकरीनिमित्त रत्नागिरीत असतो. चुलतभावाने भिंतीचा फोटो पाठवला आहे, तो सोबत जोडला आहे. फोटोतल्या दरवाजाची उंची सात फूट धरून मी हिशोब केला, तेव्हा भिंत साडेतेरा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आली. दुकानदार म्हणतो की तीन रोल पुरतील. त्याच्याकडे या नक्षीचे चारच रोल उरले आहेत आणि ते तो आज संध्याकाळपर्यंतच बाजूला ठेवणार आहे. तीन घेऊ की चार, एवढेच कृपया लवकर सांगावे.

फूटपट्टी
साडेतेरा गुणिले साडेनऊ म्हणजे सुमारे १२८ चौरस फूट. बाजारातला नेहमीचा रोल ५७ चौरस फुटांचा असतो. नासधुशीसाठी दहा टक्के वाढवले तरी १४१ होतात आणि तीन रोलांचे १७१ भरतात. दुकानदाराचे बरोबर आहे, तीन घ्या.

ओळंबा
एवढ्यावर उत्तर देता येणार नाही. माझे निम्मे आयुष्य हेच काम करण्यात गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वॉलपेपर चौरस फुटांत विकला जातो, पण भिंतीवर तो वरपासून खालपर्यंतच्या अखंड पट्ट्यांनी चढतो. त्यामुळे पहिला प्रश्न एका रोलमधून अखंड पट्ट्या किती निघतात हा आहे. त्यासाठी रोलच्या वेष्टनावरच्या तीन गोष्टी हव्यात: रोलची रुंदी, त्याची लांबी आणि नक्षी किती सेंटिमीटरनंतर पुन्हा येते तो आकडा. त्या आकड्याशेजारी बाणांचे चिन्ह असेल, तर तेही कसे आहे ते लिहा.

शिवाय तुमच्या फोटोतला दरवाजा बाजूच्या भिंतीत आहे. तो कॅमेऱ्याला जवळ असल्यामुळे मोठा दिसतो, आणि त्याला सात फूट मानून समोरची भिंत मोजली की ती प्रत्यक्षापेक्षा बुटकी भरते. फोटोवरून माप काढायचे असेल, तर ज्याची लांबी ठाऊक आहे ती वस्तू त्याच भिंतीला टेकलेली असली पाहिजे.

सुपारीबाग
माझा अनुभव सांगते. आमच्या श्रीवर्धनच्या घरी जांभ्याच्या भिंतीवर हौसेने वॉलपेपर लावला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर खालच्या हातभर भागात तो फुगला, आणि मागे हात घातला तर काळी बुरशी धरलेली होती. कोकणात वॉलपेपर लावूच नये, चांगला टेक्श्चर पेंट द्यावा.

आंबेमोहोर
सुपारीबाग, आपला सल्ला लक्षात ठेवतो, पण कागद घरच्यांनी पसंत केला आहे आणि रंगाचा प्रश्न सध्या नाही.

ओळंबा, वेष्टनाचा फोटो दुकानदाराकडून मागवला. रुंदी ५३ सेंटिमीटर, लांबी १०.०५ मीटर. नक्षीपुढे 64/32 असे छापले आहे आणि दोन बाण एकमेकांसमोर न येता वर-खाली आहेत. फोटोत भिंतीच्या पायाशी दोन-दोन फुटांच्या फरश्या दिसतात, त्या सहा पूर्ण आणि सातवीचा बराचसा भाग अशा आहेत.

ओळंबा
फरश्यांवरून रुंदी काढणे चांगले, कारण त्या भिंतीला अगदी लागून आहेत. ६० सेंटिमीटरची फरशी धरली तर रुंदी ४१० सेंटिमीटरच्या आसपास येते. ४१० ला ५३ ने भागले की पावणेआठ येतात, म्हणजे ८ पट्ट्या. आठ पट्ट्यांनी ४२४ सेंटिमीटर झाकले जातात, त्यामुळे मोजण्यात चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी आठाचे नऊ होत नाहीत. रुंदीची चिंता सोडा.

उंचीचे तसे नाही. वर आणि खाली कापून सारखे करण्यासाठी मिळून १० सेंटिमीटर जास्त धरावे लागतात. त्यानंतर प्रत्येक पट्टीची लांबी ६४ च्या पूर्ण पटीत न्यावी लागते, नाहीतर शेजारच्या पट्टीशी फुले जुळत नाहीत. आता पाहा: भिंत ३१० सेंटिमीटरची असेल तर १० मिळवून ३२० होतात, म्हणजे ६४ चे बरोबर पाच भाग. १००५ सेंटिमीटरच्या रोलमधून अशा तीन पट्ट्या निघतात आणि ४५ सेंटिमीटर उरतात. भिंत ३२० ची निघाली तर ३३० ला पाच भाग पुरत नाहीत, सहा धरावे लागतात, म्हणजे ३८४. मग एका रोलमधून दोनच पट्ट्या निघतात आणि आठ पट्ट्यांना चार रोल लागतात. अवघ्या दहा सेंटिमीटरच्या फरकाने एक रोल वाढतो, आणि फोटोवरून उंची काढताना एवढी चूक सहज होते. भावाला टेप घेऊन उभे करा. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी उंची मोजायला सांगा, कारण जुन्या घरात छत आणि जमीन क्वचितच समांतर असतात.

फूटपट्टी
मी दिलेले उत्तरही तीनच होते. क्षेत्रफळाने काढा नाहीतर पट्ट्यांनी, आकडा जर तोच येत असेल तर एवढे ताणायचे कशाला?

ओळंबा
आकडा तोच आला तो साडेनऊ फूट उंची खरी मानल्यामुळे. उंची ३२० धरून आपल्याच पद्धतीने हिशोब करा: ४१० गुणिले ३२० म्हणजे १४१ चौरस फूट, दहा टक्के वाढवून १५५. म्हणजे पुन्हा तीनच रोल. प्रत्यक्षात त्या उंचीला चार लागतात. प्रत्येक रोलच्या शेवटी सव्वादोन मीटरहून लांब तुकडा उरतो, पण तो छतापासून खालपर्यंत पोहोचत नाही. क्षेत्रफळाच्या हिशोबात तो तुकडा कामाचा धरला जातो. साध्या, बिननक्षीच्या कागदाला आपली पद्धत बऱ्याचदा चालून जाते, मोठ्या नक्षीला चालत नाही.

किनारा
माझे मत थोडे वेगळे आहे. आपण ५३ सेंटिमीटरचा रोल घेताच कशाला? १०६ सेंटिमीटर रुंद आणि १५.६ मीटर लांब असे कोरियन रोल मिळतात. त्याच्या चारच पट्ट्यांत भिंत झाकली जाईल आणि एका रोलमध्ये काम होईल. सांधेही निम्म्याहून कमी होतात. मी मालवणला दोन खोल्यांना तेच वापरले आहेत.

आंबेमोहोर
नक्षी ठरलेली आहे आणि ती रुंद रोलमध्ये नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते. भावाने टेपने मोजले. डावीकडे ३१९, मध्ये ३२०, उजवीकडे ३२२. म्हणजे चार रोल नक्की समजू का? दुकानदाराला फोन करतो.

ओळंबा
जरा थांबा. फोटोत भिंतीच्या तळाशी फरशीचीच स्कर्टिंग दिसते. भावाने जमिनीपासून मोजले की स्कर्टिंगच्या वरून?

आंबेमोहोर
जमिनीपासून. स्कर्टिंग चार इंच, टेपवर १० सेंटिमीटर आहे.

ओळंबा
मग कागदाची उंची ३०९ ते ३१२. सर्वांत उंच बाजूलाही ३२० च्या पट्टीत ८ सेंटिमीटर उरतात, वर चार आणि खाली चार. हात बसलेल्या कारागिराला ते पुरतात. तीन रोलांत काम होऊ शकते, पण आता त्या 64/32 कडे या. तुमची नक्षी प्रत्येक पुढच्या पट्टीत निम्म्याने, म्हणजे ३२ सेंटिमीटर खाली सरकते. एकाच रोलमधून ओळीने पट्ट्या कापल्या तर दर दोन पट्ट्यांमध्ये ३२ सेंटिमीटर वाया जातात. ३२०, ३२, ३२०, ३२, ३२० यांची बेरीज १०२४ होते आणि रोल १००५ चा आहे. तिसरी पट्टी १९ सेंटिमीटरने तोकडी पडते. पुष्कळ ठिकाणी कागद कमी पडतो तो इथेच.

यावर उपाय असा की दोन रोल एकदम उघडायचे. एकातून फक्त पहिली, तिसरी, पाचवी पट्टी कापायची आणि दुसऱ्यातून दुसरी, चौथी, सहावी. म्हणजे एका रोलमध्ये सरकवण्याचा प्रश्नच येत नाही. सातवी आणि आठवी तिसऱ्या रोलमधून निघतात, तिथे जागा भरपूर आहे. कात्री लावण्याआधी दोन्ही रोल जमिनीवर शेजारी-शेजारी पसरून नक्षी जुळवून घ्या. रोलची सुरुवात नक्षीच्या कोणत्याही जागी असू शकते, त्यामुळे जुळवण्यासाठी एका रोलचे टोक कापावे लागेल. ज्याचे कमी कापावे लागेल त्याचे कापले तर ३२ सेंटिमीटरपेक्षा जास्त कधीच जात नाही, आणि आपल्याकडे ४५ शिल्लक आहेत. अडचण एकच: छताला नक्षी जिथे येईल तिथे ती स्वीकारावी लागते. पूर्ण फूल वर हवे असा आग्रह धरलात तर ही शिल्लक पुरेलच असे नाही.

सुपारीबाग
तरीही मी म्हणेन की चौथा घ्याच. ओलीने खालचा भाग खराब झाला तर नंतर तोच कागद मिळत नाही. आम्हाला मिळाला होता, पण शेजारी लावल्यावर रंगाची छटा वेगळी दिसत होती.

ओळंबा
या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. वेगळ्या बॅचचा रंग हातात घेऊन कळत नाही, भिंतीवर शेजारी आला की कळतो. आंबेमोहोर, चारही रोलांवर बॅच नंबर एकच आहे का ते विचारा. न फोडलेला रोल परत घेणार का, हेही आजच ठरवून घ्या. आणि भावाला आज रात्री त्या भिंतीच्या खालच्या भागावर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायला सांगा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला दव धरलेले दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. मग गणपतीची घाई असली तरी कागद लावू नका.

फूटपट्टी
वर चार आणि खाली चार सेंटिमीटर मला धोक्याचे वाटतात. छत एका बाजूला ३ सेंटिमीटर चढते आहे. पहिली पट्टी छताला धरून लावली तर पुढच्या तिरप्या जातील, आणि ओळंब्याने लावली तर छताशी फुलांची रांग तिरपी कापलेली दिसेल.

ओळंबा
ओळंब्यानेच लावायची. रांग तिरपी कापलेली थोडी दिसेल हे खरे आहे. नक्षी निम्म्याने सरकणारी असल्यामुळे छताशी एकसारखी रांग मुळात येत नाही, म्हणून ते डोळ्यांत कमी भरते, असा माझा अनुभव आहे.

किनारा
वरच्या बाजूला लाकडी पट्टी मारली तर हा प्रश्न सुटेल आणि उंचीही चार-पाच सेंटिमीटरने कमी होईल.

आंबेमोहोर
सर्वांचे आभार. दुकानदाराशी बोललो. चार रोलांपैकी तिघांचा बॅच नंबर एक आहे, चौथ्याचा वेगळा आहे. न फोडलेला परत घेईन म्हणतो, पण आठ दिवसांच्या आत. तीन रोल पक्के केले आहेत. वेगळ्या बॅचचा चौथा घेऊन काही उपयोग आहे का? आणि किनारा यांनी सुचवलेली लाकडी पट्टी दमट हवेत टिकेल का, हे कोणी सांगू शकेल का?

ओळंबा
चौथा घेऊ नका. एका भिंतीवर दोन छटा आल्या तर त्या दिवसा उजेडात रोज दिसतील. लाकडी पट्टीबद्दल सुतारालाच विचारावे. पट्टी मारायचे ठरले तर ती कागदाच्या आधी मारायची की नंतर, हे मात्र कापण्याआधी कळवा, कारण आधी मारली तर छाटण्यासाठीच्या आठ सेंटिमीटरचे बारा होतात आणि मग पूर्ण फूल वर आणायलाही थोडी जागा मिळते.