बिल खरं असलं तरी वजावट बरोबर असतेच असं नाही

> “घरमालकाने पत्रासोबत रंगाऱ्याचं आणि विजेचं बिल जोडलंय, म्हणजे डिपॉझिटमधून कापलेले पैसे मान्यच करावे लागतील ना?”

नाही. बिलावरून खर्च झाला एवढंच कळतं, तो तुमच्यामुळे झाला हे कळत नाही. मी कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देतो. मागचे भाडेकरू तीन वर्षं राहून गेले, तेव्हा असं पत्र मीही लिहिलं: डिपॉझिट ६०,००० रुपये, वजा फुटलेलं बेसिन बदलल्याचे २,६०० आणि वीज १,४५०, परत ५५,९५०. रंगाचा खर्च घातला नाही. तीन वर्षांत भिंती मळणारच, आणि करारात रंगाचं कलम नव्हतं. तुमच्या करारात ते असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून आधी तेच वाचा. बेसिन धरलं, कारण ताबा देतानाच्या फोटोत ते धड होतं.

विजेचं बिल नीट बघा. आमचे भाडेकरू ५ तारखेला गेले, बिल १८ पर्यंतचं आलं. चावी घेताना दोघांनी मीटरचा फोटो काढला होता, म्हणून त्या आकड्यापर्यंतचेच युनिट धरले. तुमच्याकडे असा फोटो असेल तर तो जोडून लेखी उत्तर द्या आणि मधल्या दिवसांचे पैसे परत मागा.