मावशीच्या पत्रिकेवर 'गं. भा.' लिहावं का?

चेंदणीकर: डिसेंबरात ठाण्यात माझं लग्न आहे. नेरुळला मावशीकडे पत्रिका द्यायला जायचंय. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आई म्हणते, पाकिटावर 'गं. भा.' लिही, नाहीतर मान ठेवला नाही असं होईल. माझ्याच्याने ते लिहवत नाही. आत मोठ्या माणसाला लिहितात तशी चिठ्ठीही घालायची आहे. आणि कुणी जोडीने पाया पडायला गेलं की मावशी मागे सरकते. आम्हाला तर तिचाच आशीर्वाद हवाय. कसा मागावा?

पाचपाखाडी: 'श्रीमती' लिहा आणि विषय संपवा. 2023 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा केवढी टीका झाली! निर्णय झालेला नाही, असं त्यांना सांगावं लागलं. नवरा नाही हे पाकिटावरून जगाला कशाला कळवायचं?

ऐरोली_सेक्टर: पण श्रीमती म्हणजे तेच ना? लग्न झालेलीला सौ., नवरा गेलेलीला श्रीमती. आमच्याकडे सगळे तसंच वाचतात.

जुनी_पत्रं: घरगुती पत्रिकांत तसं वाचणारे खूप आहेत, हे खरं. पण सरकारी कागदांवर लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्यांनाच श्रीमती लिहितात. म्हणून पाकिटावर तेच बरं.

चिठ्ठीत मात्र दोन्ही नकोत. जुन्या मायन्यात मोठ्यांचा मान नात्यातून येतो, नवऱ्यावरून नाही. आईवडिलांना 'तीर्थरूप', त्यांच्या जागी मानलेल्यांना 'तीर्थस्वरूप'. हल्ली सरसकट तीर्थरूप लिहितात, पण मावशीला तीर्थस्वरूप.

छापील पत्रिकेत बहुतेक 'स. न. वि. वि.' असेल. तो सप्रेम नमस्कार बरोबरीच्यांना, आणि पत्रिका सगळ्यांना एकच जाते. मोठ्यांना साष्टांग, म्हणूनच वेगळी चिठ्ठी शोभते. मी असं लिहीन:

*तीर्थस्वरूप मावशीस,*
*शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.*
*माझं लग्न ठरल्याचं तुला माहीत आहेच. केळवणाला आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ. तेव्हा आम्हाला पहिला नमस्कार तुला करायचा आहे. मागे सरकू नकोस. तुझा आशीर्वाद असावा.*

शेवटी 'लोभ असावा' नको, तो बरोबरीच्यांना. आणि मावशीला एरवी 'तू' म्हणत असाल तर 'तू'च ठेवा. तीर्थस्वरूप लिहून खाली 'तू' म्हटल्याने मान कमी होत नाही. उलट अचानक 'आपण' आलं तर तिला परकं वाटेल.

घणसोलीचा_वारकरी: आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. 'माऊली' म्हणायचं आणि एकमेकांच्या पाया पडायचं. सत्तर वर्षांचा माणूस पोराच्या पाया पडतो. इथे कोण सौ. आणि कोण गं. भा.?

पाचपाखाडी: सुंदर आहे, पण लग्नघरात मावशी भाच्याच्या पाया पडणार नाही हो. त्याला तिचा आशीर्वाद हवाय.

वाशीची_आजी: मी स्वतः गं. भा. आहे आणि मला ते लिहिलेलं चालतं. आमच्या पिढीने ते मानाने घेतलं. गंगेचं नाव लावतात ना! तुम्ही परस्पर काढून टाकता तेही आम्हाला न विचारता, हे मला पटत नाही. मावशीलाच विचार.

मागे सरकण्याचं सांगते. मांडवात चार बायका बघत असतात. सौभाग्याचा आशीर्वाद आपल्या तोंडून गेला आणि पुढे काही झालं तर बोल आपल्याला, ही भीती आमच्या मनात घालूनच ठेवलेली. म्हणून मांडवात नको, तिच्या घरीच नमस्कार करा. वाकायच्या आधी तोंडाने म्हणा, 'मावशी, आशीर्वाद दे.' न बोलता वाकलात तर तिला सरकायला वाव मिळतो. 'अखंड सौभाग्यवती भव' तिच्या तोंडी येणार नाही, त्याची वाट बघू नका. मी 'औक्षवंत व्हा, सुखाने नांदा' म्हणते. दोघांना मिळून म्हणते, नुसतं सुनेला नाही.

पाचपाखाडी: आजी, तुम्हाला चालतं हे मान्य. पण नवरा गेलेल्या पुरुषाच्या नावामागे 'श्री.'च राहतो. म्हणून माझं मत बदललं नाही. 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायचा ठराव केला. पाकिटावरची खूण त्याच माळेतली आहे.

वाशीची_आजी: कुंकू पुसणं आणि नाव लिहिणं एकच नाही, बाई. पण श्री.चं म्हणतेस ते खरं आहे.

चेंदणीकर: चिठ्ठी हीच घालतो. पाकिटावर काय ते मावशीला फोन करून विचारतो. आईला काय सांगू, ते अजून सुचलेलं नाही. आणखी एक, खाली बायकोचंही नाव येणार. बायका साष्टांग घालत नाहीत म्हणतात, मग 'शिरसाष्टांग' चालेल?

ऐरोली_सेक्टर: नाही चालणार. दोघांचा मिळून नुसता 'नमस्कार' लिहा.

जुनी_पत्रं: पत्रातला साष्टांग आदरापुरता असतो, जमिनीवर आडवं पडायचं नसतं. मी तसाच ठेवला असता.