बाबांची चक्कर आणि मंगळवारची अपॉइंटमेंट

अनूताई लीड्स: मंगळवारी बाबांना जीपीकडे नेतेय. चक्कर येते म्हणतात. 'डिझी' सांगितलं की झालं ना?

शिरीषदादा डॉक्टर: त्यावर तिथला डॉक्टर विचारणार, डिझी म्हणजे नेमकं काय? काकांना आत्ताच विचार. खोली गरगर फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो?

अनूताई लीड्स: गरगरतं म्हणतात. पहाटे कूस बदलली की. गप्प पडून राहिलं की थांबतं.

शिरीषदादा डॉक्टर: मग सांग, 'द रूम स्पिन्स व्हेन आय टर्न ओव्हर इन बेड, फॉर लेस दॅन अ मिनिट.' बहुतेक आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकलेत. डॉक्टर मान वळवून झटकन आडवं करतील आणि डोळ्यांची हालचाल बघतील. तेव्हा चक्कर येणारच, काकांना आधी सांगून ठेव, नाहीतर ओरडतील. निदान पक्कं झालं तर ठराविक क्रमाने डोकं फिरवूनच उपचार करतात. मानेचं दुखणं असेल तर आधी सांगायचं.

बंडूमामा: मला उठून उभं राहिलं की अंधारी येते, ते काय?

शिरीषदादा डॉक्टर: ते 'लाइटहेडेड व्हेन आय स्टँड अप'. बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, मामा.

माई मावशी: आणि भाऊजींची जळजळ? ॲसिडिटी म्हण की सरळ.

शिरीषदादा डॉक्टर: आई, कुठली जळजळ? छातीतून घशाकडे चढणारी असेल तर 'हार्टबर्न'. लघवीची असेल तर 'इट बर्न्स व्हेन आय पास यूरिन'. तळपायांची असेल तर 'माय फीट बर्न', आणि शुगर असेल तर तेही सांगायचं. तिन्हींच्या तपासण्या निराळ्या.

अनूताई लीड्स: छातीतच. पण आता म्हणतायत, छातीत गॅस धरलाय 🙄

शिरीषदादा डॉक्टर: 'गॅस' नको म्हणूस, त्यांना पोटातला वारा वाटेल. जिना चढताना दडपण येतं का? घाम? हात किंवा जबडा भरून येतो?

अनूताई लीड्स: विचारलं. यातलं काही नाही. फक्त जेवून आडवं झालं की, आणि आंबट पाणी वर येतं.

शिरीषदादा डॉक्टर: मग हेच सांग, 'आफ्टर मील्स, व्हेन आय लाय डाउन, सावर फ्लुइड कम्स अप.' मात्र छातीत दडपण येऊन घाम सुटला, किंवा चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर मंगळवारपर्यंत थांबू नकोस. 999 लाव.

माई मावशी: गोळ्यांची पाकिटं ने गं. आपल्याकडची कंपन्यांची नावं तिथे कळत नाहीत, पाठीमागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव दाखव.

अनूताई लीड्स: हो मावशी. बाबा म्हणतायत, मी मराठीतच बोलणार.

शिरीषदादा डॉक्टर: मग आजच रिसेप्शनला फोन करून मराठी इंटरप्रिटर माग. एनएचएसमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत.