मशरूम कॉफी: फायदा खरा की नुसतं मार्केटिंग?

पूर्वा_ठाणे: ऑफिसात सगळे मशरूम कॉफी पितायत. 'एकाग्रता वाढते' म्हणतात. पाकिटावर 'मशरूम मिश्रण १००० मिग्रॅ, चार प्रकार' एवढंच लिहिलंय. घ्यावी का?

रानवेडा: निव्वळ लूट. मशरूमने मेंदू चालतो याला कसलाही पुरावा नाही.

डबीवाचक: 'कसलाही' नको. २००९ मध्ये जपानमध्ये लायन्स मेन या मशरूमची चाचणी झाली. पन्नाशीपुढची, स्मरणशक्ती थोडी मंदावलेली तीसेक माणसं होती. १६ आठवडे रोज सुमारे ३ ग्रॅम पावडर दिली, तर त्यांचे स्मरणचाचणीतले गुण मशरूम नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाढले. बंद केल्यावर घसरलेही. आता हे पाकीट बघा: १००० मिग्रॅचे चार समान वाटे धरले तर लायन्स मेन २५० मिग्रॅ. म्हणजे त्या ३ ग्रॅमसाठी दिवसाला बारा कप! आणि वाटे समान असतात हेही आपणच धरायचं, कंपनी सांगत नाही.

सुहास_काका: आमचा अनुभव वेगळा. महिनाभर घेतोय, छातीतली धडधड गेली, झोप छान लागते. आकडे ठेवा बाजूला.

डबीवाचक: काका, अशा बऱ्याच मिश्रणांत कॅफिन नेहमीच्या कॉफीच्या निम्मंच असतं. दुसरं काही बदललं नसेल, तर माझा संशय त्यावर.

सुहास_काका: असेल. पण साध्या कॉफीने मी निम्म्यावर कधी आलो नसतो!

रानवेडा: त्यात बराचसा स्टार्च असू शकतो. टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं-काळं झालं की फसवणूक.

डबीवाचक: मुद्दा बरोबर, परीक्षा अर्धवट. धान्यावर वाढवलेलं मायसेलियम, म्हणजे मशरूमच्या धाग्यांचं जाळं, धान्यासकट दळलं की स्टार्च येतोच. पण कॉफीच्या काळ्या रंगात तुम्हाला निळं दिसणार काय? नुसत्या मशरूम पावडरीवर करा. नाहीतर लेबलवर 'फ्रुटिंग बॉडी', म्हणजे प्रत्यक्ष मशरूम, आणि बीटा-ग्लुकन या मशरूममधल्या घटकाचा आकडा शोधा. 'पॉलिसॅकराइड ४०%' वाचून भुलू नका, स्टार्चही पॉलिसॅकराइडच.

मीनल_नाशिक: मला मुतखड्याचा त्रास आहे. प्रोटीन कॉफी चालेल ना?

डबीवाचक: प्रोटीन किती, ते डॉक्टरांना विचारा. मशरूमवालीत मात्र 'चागा' हे मशरूम आहे का ते आधी बघा. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा पावडर घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. कपातली मात्रा त्यामानाने फारच कमी, तरी खडा झालेल्याने ही जोखीम का घ्यावी?

रानवेडा: प्रोटीन कॉफी निदान प्रामाणिक. लिहिलेले १५ ग्रॅम पोटात जातात. फक्त उकळत्या कॉफीत व्हे टाकलंत तर गुठळ्या.

पूर्वा_ठाणे: लेबल पाहिलं. 'मायसेलियम बायोमास' लिहिलंय, चागाही आहे. लायन्स मेन वेगळी घेतली तर तरुण माणसाला उपयोग होतो का?

डबीवाचक: ब्रिटनमध्ये २०२३ ला ४१ तरुणांवर पाहिलं. एका मात्रेनंतर एका कसोटीत वेग वाढला, बाकी बहुतेक ठिकाणी फरक नाही. मी तरी यावर पैसे घालणार नाही.

सुहास_काका: मी घालतोय, चालू ठेवणार.